रोहिणीकडे बघताना नेमकं कोणतं वर्ष दिसतं? प्रकाशवर्षाचा हिशोब, पायरीपायरीने

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर हिवाळ्यात आम्ही दहा-पंधरा जण तारे बघायला जमतो. नवा माणूस आला की तीच दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक म्हणजे, "हा तारा पाचशे प्रकाशवर्षांपूर्वीचा आहे." दुसरं, "हे सगळे तारे कधीच मेलेत, आपल्याला नुसता उजेड दिसतो." पहिल्यात एककच चुकलंय, दुसऱ्यात निष्कर्ष. आणि जे गणित करून येतात ते एक वजाबाकी करतात, कॅल्क्युलेटरवर आलेलं वर्ष तारखेसारखं छातीठोक सांगतात, आणि तिथेच चुकतात.

या चुका टाळायच्या असतील तर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण फोन आकाशाकडे धरतात, ॲपमध्ये दिसलेला आकडा वाचतात आणि थांबतात. मी उलट क्रम सुचवतो: आधी एकक, मग अंतर, मग वजाबाकी, आणि शेवटी गच्ची. उदाहरण म्हणून आकाशातली एकच रेषा घेऊ, रोहिणी, मृगाचा बाण आणि व्याध. ही रेषा ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या उजेडातही दिसते, आणि तिच्यावर तीन वेगवेगळे काळ एकाच नजरेत सापडतात.

तयारी

एक वही, पेन, साधा कॅल्क्युलेटर आणि इंटरनेट असलेला फोन एवढं पुरे. पहिल्या चारपैकी दुसरा सोडून बाकीचे टप्पे घरात बसून, दिवसाउजेडी करायचे आहेत. गच्चीसाठी जानेवारी किंवा फेब्रुवारीतली ढग नसलेली रात्र निवडा. दुर्बीण लागत नाही. चंद्र असला तरी चालतं, कारण आपले तारे तेजस्वी आहेत.

टप्पा 1: प्रकाशवर्ष हे अंतर आहे, हे स्वतःच्या हाताने काढा

नावात "वर्ष" असल्यामुळे घोळ होतो. पण आपण रोज असं बोलतोच. "स्टेशन किती लांब?" असं विचारलं तर "चालत दहा मिनिटं" असं उत्तर येतं. तिथे दहा मिनिटं हा वेळ असला तरी सांगायचं असतं ते अंतर, आणि चालण्याचा वेग दोघांनाही ठाऊक असतो. प्रकाशवर्षातही तसंच आहे. फरक इतकाच की माणसाचा चालण्याचा वेग कमीजास्त होतो, निर्वात पोकळीतला प्रकाशाचा वेग होत नाही. तो सेकंदाला 2,99,792.458 किलोमीटर आहे.

आता वहीत लिहा. खगोलशास्त्रात प्रकाशवर्षासाठी 365.25 दिवसांचं वर्ष धरतात. त्यात 3,15,57,600 सेकंद होतात. या सेकंदांना वेगाने गुणलं की 94,60,73,04,72,581 किलोमीटर येतात. बोलताना 9 लाख 46 हजार कोटी किलोमीटर म्हणा. हा गुणाकार एकदा स्वतः केला की "पाचशे प्रकाशवर्षांपूर्वी" हे वाक्य पुन्हा तोंडून निघत नाही. "पाचशे किलोमीटरपूर्वी" म्हटल्यासारखं ते कानाला खटकायला लागतं.

इथे शून्यं निसटतात. इंग्रजी पुस्तकातल्या ट्रिलियनचं लाख-कोटीत रूपांतर करताना तर हमखास. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. उत्तर तेरा अंकी आलं नसेल तर गुणाकार पुन्हा करा.

एवढा मोठा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून मी एक प्रमाण वापरतो. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधलं अंतर एक सेंटीमीटर धरा, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढं. सूर्य ठाणे स्टेशनवर ठेवला तर पृथ्वी त्याच्यापासून एक सेंटीमीटरवर येते. या मापाने एक प्रकाशवर्ष सुमारे 632 मीटरचं होतं. व्याध येतो साडेपाच किलोमीटरवर, म्हणजे मानपाड्याच्या आसपास. रोहिणी येते 42 किलोमीटरवर, नेरळच्या जरा पुढे. मधल्या सगळ्या अंतरात बहुतांश रिकामी जागा. आणि प्रकाशाला तो एक सेंटीमीटर कापायला 8 मिनिटं 19 सेकंद लागतात.

*तपासणी:* चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. त्याला वेगाने भागा. उत्तर 1.28 सेकंद आलं पाहिजे. आलं तर वेगाचा आकडा तुम्ही बरोबर लिहिला आहे.

टप्पा 2: उशीर म्हणजे काय ते कानाने ऐका

हा टप्पा लोक सोडून देतात. माझ्या मते तो सोडू नये. "भूतकाळ दिसतो" हे वाक्य गूढ वाटतं, कारण रोजच्या व्यवहारात प्रकाशाचा उशीर कधी जाणवतच नाही. ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंतचं सुमारे 34 किलोमीटरचं अंतर प्रकाश सेकंदाच्या जवळजवळ नऊ हजाराव्या भागात कापतो. पण आवाजाचा उशीर जाणवतो, आणि तत्त्व तेच आहे.

दिवाळीत गच्चीवर उभे राहा. लांब, उपवनच्या बाजूला वगैरे, एखादा बाण फुटताना दिसला की मनात सेकंद मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांनी आला तर तो बाण एक किलोमीटरवर फुटलाय. आता त्या क्षणाचा नीट विचार करा. आवाज कानावर पडतो तेव्हा ठिणग्या विझून गेलेल्या असतात. तुम्ही ऐकता तो आवाज तीन सेकंदांपूर्वीचा आहे, आणि त्याच्याआधी तो ऐकायला मिळण्याचा काही उपायच नव्हता. एकाच वेळी दोन बाण फुटले, एक शेजारच्या इमारतीवर आणि दुसरा दोन किलोमीटरवर, तर आवाज मागेपुढे येतील. म्हणजे आत्ता कानावर पडणारा आवाज हा वेगवेगळ्या क्षणांच्या आवाजांची सरमिसळ असतो.

तारकांनी भरलेलं आकाशही असंच आहे. सेकंदांच्या जागी वर्षं घाला. पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी येऊरच्या डोंगरावर वीज चमकते तेव्हा लहान मुलांकडून हे करून घ्या. त्यांना लगेच कळतं.

टप्पा 3: अंतराचा आकडा नीट ठिकाणाहून घ्या

ॲपमधला आकडा बहुतेकदा ठीक असतो, पण तो किती पक्का आहे हे ॲप सांगत नाही. आपल्याला ते हवं आहे. म्हणून फोनवर SIMBAD ही खगोलशास्त्रज्ञ वापरतात ती तारकांची यादी उघडा, शोधाच्या चौकटीत Aldebaran असं टाइप करा (रोहिणीचं हे तिथलं नाव), आणि Parallaxes (mas) ही ओळ शोधा. तिथे 48.94 आणि त्याच्या पुढे कंसात 0.77 असे आकडे दिसतील.

या ओळीत आहे तो पराशय, म्हणजे लंबन. डोळ्यांसमोर अंगठा धरून एक-एक डोळा मिटून पाहिलं तर मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा इकडून तिकडे सरकलेला दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांत तीस कोटी किलोमीटर पलीकडे जाते, आणि त्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत तसाच किंचित सरकतो. त्या सरकण्याचा अर्धा कोन म्हणजे पराशय. तो मिलीआर्कसेकंदात दिलेला असतो. अंशाचा 3600 वा भाग म्हणजे आर्कसेकंद, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलीआर्कसेकंद. रोहिणीचा पराशय किती लहान आहे? अडीच सेंटीमीटर रुंदीचं नाणं शंभर किलोमीटरवर ठेवलं तर जेवढं दिसेल, जवळपास तेवढा.

पराशयावरून अंतर काढायचं सूत्र एका ओळीचं आहे. p म्हणजे मिलीआर्कसेकंदातला पराशय, d म्हणजे प्रकाशवर्षांतलं अंतर:

```
d = 3261.6 / p
```

रोहिणीसाठी 3261.6 भागिले 48.94, म्हणजे 66.6 प्रकाशवर्षं. व्याधासाठी पराशय 379 आहे, उत्तर 8.6 प्रकाशवर्षं.

*सावधान:* काही ठिकाणी पराशय मिलीआर्कसेकंदात नसून आर्कसेकंदात दिलेला असतो, म्हणजे 48.94 च्या जागी 0.04894. तो तसाच वरच्या सूत्रात घातला तर रोहिणी 66 हजार प्रकाशवर्षांवर जाते. उत्तर असं भलतंच आलं तर आधी एकक बघा. पराशय मोठा तर तारा जवळ, हेही लक्षात ठेवा. हा संबंध उलटा असल्यामुळे घाईत गफलत होते.

एक गोष्ट मला स्वतःला उशिरा समजली. गाया या युरोपीय उपग्रहाने गेल्या काही वर्षांत शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची अंतरं फार बारकाईने मोजली. मग ठाण्यातून दिसणाऱ्या ठळक ताऱ्यांसाठी आपण अजून हिपार्कोस या 1989 मध्ये सोडलेल्या जुन्या उपग्रहाचे आकडे का वापरतो? कारण व्याध, रोहिणी यांच्यासारखे तारे इतके तेजस्वी आहेत की गायाच्या कॅमेऱ्याला ते झेपले नाहीत. शहरातून जे तारे सहज दिसतात, नेमक्या त्यांच्याच अंतरांत थोडी जास्त ढिलाई आहे.

टप्पा 4: वजाबाकी एकदा नाही, तीनदा करा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. माझी आई ऑगस्ट 1959 मधली. तिला तिच्या जन्माच्या वेळी निघालेला प्रकाश दाखवायचा होता. निरीक्षण जानेवारी 2026 च्या मध्यावर, म्हणजे दशांशात 2026.0 धरू.

सरळ वजाबाकी: 2026.0 वजा 66.6 म्हणजे 1959.4. दशांश 0.4 म्हणजे वर्षाचे जवळपास पाच महिने उलटलेले, म्हणून मे 1959. इथे थांबलं तर "आईच्या जन्माआधी तीन महिने निघालेला प्रकाश" असं आपण मोठ्या खात्रीने सांगू, आणि ती खात्री खोटी असेल.

कारण कंसातला 0.77. त्याचा अर्थ असा की खरा पराशय 48.17 ते 49.71 या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारण तीनात दोन आहे. दोन्ही टोकं सूत्रात घाला. 49.71 घातलं की 65.6 प्रकाशवर्षं येतात, 48.17 घातलं की 67.7. आता दोन वजाबाक्या आणखी करा. जवळचं टोक 1960.4 देतं, म्हणजे मे-जून 1960. लांबचं टोक 1958.3 देतं, म्हणजे एप्रिल 1958.

तर वहीत असं लिहायचं: जानेवारी 2026 मध्ये दिसणारा रोहिणीचा प्रकाश बहुधा एप्रिल 1958 ते जून 1960 च्या दरम्यान कधीतरी निघाला. आईचा जन्म या पट्ट्यात नीट बसतो. 1 मे 1960, महाराष्ट्र राज्याची स्थापना, पट्ट्याच्या अगदी काठावर बसते. म्हणून "महाराष्ट्र झाला त्या दिवशीचा रोहिणीचा उजेड" असं म्हणता येत नाही. "साधारण त्या काळातला" एवढंच म्हणता येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

तारा जितका दूर, तितका हा पट्टा रुंद होत जातो. मृगाच्या पायातला निळसर पांढरा तारा राजन्य घ्या. पराशय 3.78, कंसात 0.34. अंतर येतं 863 प्रकाशवर्षं, पण टोकं आहेत 792 आणि 948. वजाबाकी केली की प्रकाश निघाल्याचा काळ इ.स. 1078 ते 1234 असा येतो. दीडशे वर्षांहून मोठा पट्टा. तरी त्यातून एक गोष्ट ठामपणे सांगता येते: हा सगळा पट्टा ठाण्यात शिलाहार राज्य करत होते त्या काळात पडतो. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 मधलं. ते उभं राहिल्यानंतर काही वर्षांनी किंवा काही पिढ्यांनी हा प्रकाश राजन्याहून निघाला असेल. पट्टा रुंद असला तरी त्यात काय पक्कं बसतं हे शोधता आलं पाहिजे.

काही ताऱ्यांच्या बाबतीत मात्र वर्ष सांगायचं धाडस करू नका. मृगातला तांबूस तारा काक्षी, म्हणजे आर्द्रा, त्यांतला पहिला. हिपार्कोसच्या आकड्यावरून तो सुमारे 500 प्रकाशवर्षांवर येतो, आणि नंतर रेडिओ दुर्बिणींनी केलेल्या मोजणीवरून 700 च्या पुढे. कारण काक्षी प्रचंड फुगलेला आहे. त्याची आकाशातली दिसणारी रुंदी त्याच्या पराशयापेक्षाही मोठी आहे, आणि पृष्ठभागावरचे उजळ-काळे भाग बदलत राहतात. त्यामुळे त्याचा मध्य नेमका कुठे हेच धरता येत नाही. 2019 च्या अखेरीपासून 2020 च्या सुरुवातीपर्यंत तो ठळकपणे मंदावलेला आपण पाहिला. ती घटना तिथे पाचशे ते सातशे वर्षांपूर्वी कधीतरी घडून गेली होती. याहून बारीक उत्तर देता येत नाही.

*तपासणी:* वहीत प्रत्येक ताऱ्यापुढे एक वर्ष आहे की दोन? एकच असेल तर कंसातला आकडा तुम्ही विसरलात.

टप्पा 5: गच्चीवर जा

रात्री नऊच्या सुमारास वर जा. सोसायटीचा हॅलोजन थेट डोळ्यांवर येत असेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे राहा. फोनच्या टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा आणि डोळ्यांना वीस मिनिटं द्या. या वीस मिनिटांत कोणी व्हॉट्सॲप उघडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. आमच्याकडे फोन एका पिशवीत जमा करतात.

जानेवारीच्या मध्याला नऊ वाजता आग्नेयेकडे तोंड करा. ठाण्यातून ही साधारण मुंब्र्याच्या डोंगराची बाजू. मान वर केली की एका सरळ ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावरचे तीन तारे दिसतील. हा मृगाच्या पोटात घुसलेला बाण. तो ओळखला की बाकीचं सोपं आहे. हात सरळ पुढे ताणून पंजा पसरला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आकाशातले सुमारे वीस अंश झाकले जातात. बाणाची रेषा वर, जवळजवळ डोक्यावर, अशा एका वितीहून थोडी जास्त वाढवा. तिथे नारिंगी रोहिणी भेटते. तीच रेषा खाली तेवढीच वाढवली की आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, व्याध. फेब्रुवारीत हेच चित्र नऊ वाजता पश्चिमेकडे सरकलेलं असतं आणि व्याध दक्षिणेच्या बाजूला आलेला असतो.

*सावधान:* या जानेवारीत आमच्या गच्चीवर एक दादा खूप उत्साहाने "व्याध सापडला" म्हणाले आणि 2017 सालचा प्रकाश बघतोय असं सगळ्यांना सांगू लागले. ते बघत होते मिथुन राशीतल्या गुरूकडे. गुरू तेव्हा पृथ्वीच्या जवळ, सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला होता, आणि त्याचा प्रकाश सुमारे 35 मिनिटांपूर्वीचा होता. ग्रहांच्या बाबतीत वर्षांचा हिशोब लागू पडत नाही, तिथे मिनिटं आणि तास मोजायचे. ओळखायची खूण अशी: व्याध जोरात लुकलुकतो, रंग बदलल्यासारखा वाटतो. गुरू स्थिर असतो. शंका आली तर बाणाच्या रेषेवर परत या. व्याध त्या रेषेवरच असतो, गुरू नव्हता. आणि विमानतळाकडे उतरणारं विमान समोरून येताना काही मिनिटं हलत नसल्यासारखं दिसतं, म्हणून दिसलेल्या ठिपक्याला पाच मिनिटं द्या आणि मगच वहीत लिहा.

टप्पा 6: एका रेषेतले तीन काळ

आता रोहिणीपासून व्याधापर्यंत नजर सावकाश खाली आणा. सगळ्यात वर 1959 च्या आसपासचा प्रकाश. मधल्या बाणाचे तीन तारे हजाराहून जास्त प्रकाशवर्षांवर आहेत, त्यामुळे तिथे हजाराहून जास्त वर्षं जुना प्रकाश. आणि खाली व्याध, 8.6 प्रकाशवर्षांवर, म्हणजे 2017 च्या मध्यावर निघालेला.

इथे एक समज पुसून टाकावा लागतो. आकाशाला आपण छत समजतो, आणि नक्षत्र हे त्या छतावरचं चित्र. मग "मृग नक्षत्र किती प्रकाशवर्षांवर?" असा प्रश्न येतो. त्याला उत्तर नाही. बाण, राजन्य, काक्षी यांची अंतरं वेगवेगळी आहेत. आपण त्यांच्याकडे ठाण्यातून, एकाच बाजूने बघतो म्हणून ते एका चौकटीत बसतात. घोडबंदर रस्त्यावर रात्री समोरून येणारे दिवे बघा. जवळच्या स्कूटरचा दिवा, त्यामागच्या ट्रकचा, आणि लांब डोंगरावरचा एखादा दिवा एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण ते तसे नसतात.

तेजावरूनही अंदाज बांधू नका. व्याध जवळ आहे म्हणून तेजस्वी दिसतो. राजन्य त्याच्या शंभरपट दूर असून पहिल्या दहा ताऱ्यांत आहे, कारण मुळात तो सूर्याच्या हजारो पटींनी जास्त प्रकाश फेकतो. फक्त बघून अंतर सांगता येत नाही. त्यासाठीच टप्पा 3.

टप्पा 7: "ते सगळे मेलेत" याचं काय करायचं

हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. रोहिणीसारखा तारा एकूण जगतो अब्जावधी वर्षं. त्याच्या आयुष्यातली 67 वर्षं म्हणजे काहीच नाही. तो प्रकाश निघाल्यानंतर तारा संपला असण्याची शक्यता इतकी कमी आहे की ती धरायचं कारण नाही. साध्या डोळ्यांनी दिसणारे तारे बहुतांशी काहीशे किंवा काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत, आणि त्यांची आयुष्यं लाखो ते अब्जावधी वर्षांची. काक्षी आयुष्याच्या शेवटाकडे आलेला आहे, तरी तो फुटायला आणखी एक लाख वर्षंही लागू शकतात. तेव्हा गेल्या सहाशे-सातशे वर्षांत तो फुटून गेला असेल अशी शक्यता फार थोडी. "जुना प्रकाश" आणि "मेलेला तारा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग पुढचा प्रश्न येतो: "पण आत्ता तिथे काय चाललंय?" ते कळायचा मार्ग नाही. आज रोहिणीवर जे घडतंय त्याची खबर घेऊन प्रकाश आज निघेल आणि इथे 2092 च्या सुमारास पोचेल. त्याच्या आधी पोचणारं काही नाही. दुर्बीण लावूनही हे बदलत नाही. लोकांना वाटतं की मोठ्या दुर्बिणीतून तोच तारा आणखी जुना दिसतो. तसं नाही. दुर्बीण जास्त प्रकाश गोळा करते, पण तो प्रकाश त्याच दिवशी इथे पोचलेला असतो. दुर्बिणीने जास्त जुनं दिसतं ते एवढ्यासाठी की जास्त दूरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तू तिच्यात दिसतात.

हिशोब ताऱ्याच्या पृष्ठभागापासून सुरू होतो, हेही सांगून ठेवतो. सूर्याच्या गाभ्यात तयार झालेली ऊर्जा बाहेर यायला हजारो वर्षं घेते, असं वाचून काही जण ती वर्षं 8 मिनिटांत मिळवतात. प्रकाशवर्षाच्या हिशोबात ती येत नाहीत.

टप्पा 8: ही पद्धत कुठे थांबते

आपल्या आकाशगंगेत आणि शेजारच्या दीर्घिकांपर्यंत ही वजाबाकी बिनधास्त करा. देवयानी दीर्घिका सुमारे 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे तिचा प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघाला. (ती ठाण्याच्या गच्चीवरून दिसणार नाही. डिसेंबरमध्ये वांगणीसारख्या अंधाऱ्या ठिकाणी जा.) त्याच्या खूप पुढच्या दीर्घिकांसाठी मात्र सरळ वजाबाकी चालत नाही. प्रकाश वाटेत असताना मधलं अवकाशच ताणलं जातं, त्यामुळे आजचं अंतर आणि प्रकाशाला लागलेली वर्षं हे दोन आकडे वेगळे होतात. विश्वाचं वय सुमारे 1,380 कोटी वर्षं असताना दिसणाऱ्या विश्वाची कडा सुमारे 4,600 कोटी प्रकाशवर्षांवर असते ती यामुळे. बातमीत असा आकडा दिसला तर आधी बघा, तो प्रवासाच्या काळाचा आहे की आजच्या अंतराचा.

वहीतली नोंद

शेवटी नोंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. आमची या जानेवारीतली नोंद अशी आहे:

"जानेवारी 2026, ठाणे, रात्री 9.20. रोहिणी, पराशय 48.94 (0.77), अंतर 65.6 ते 67.7 प्रकाशवर्षं, प्रकाश निघाला 1958 ते 1960. नारिंगी, स्थिर, थोडं धुकं. बघणारी: आई."

आई बराच वेळ मान वर करून उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे मी रांगत होते तेव्हाचा असेल कदाचित." मी "हो, किंवा तू जन्मायच्या आधीचा" म्हटलं, आणि तिने वही मागून घेऊन "कदाचित" हा शब्द स्वतःच्या अक्षरात नोंदीखाली लिहिला.